निघण्याआधी तीन ओळी

जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडणारा माणूस मी तीनदा पाहिलाय. हार्वर्डच्या सीएस५० या प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सच्या पहिल्या तासाला त्याचे प्राध्यापक डेव्हिड मालन स्टेजवर येतात, डिरेक्टरी मधोमध उघडतात, हवं ते नाव अलीकडे की पलीकडे ते बघतात आणि नको असलेला अर्धा भाग टरकन फाडून टाकतात. मग उरलेल्याचा अर्धा, त्याचा परत अर्धा. हजार पानांत एक नाव शोधायला दहा वेळा फाडलं की पुरतं, हे डोळ्यांना दिसतं. बघायला फार मजा येते. पण मी ते तीनदा पाहिलं याचा सरळ अर्थ असा, की मी तो कोर्स तीनदा पहिल्यापासून सुरू केला. म्हणजे दोनदा सोडला.

मी सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात सोळा वर्षं काम करते. प्रोग्रामिंग शिकायची हौस वगैरे नव्हती, कारण होतं. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतो. पुरवठादारांनी आपापल्या विवरणात दाखवलेली बिलं त्यात येतात, आणि ती आमच्या ग्राहकाच्या खरेदीच्या नोंदींशी जुळवायची असतात. २० तारखेला ३बी हे कराचं मासिक विवरण भरायचं, म्हणजे हातात पाच-सहा दिवस. पुरवठादार बिल नंबर लिहितो ०४५/२४-२५, आमचा ग्राहक नुसतं ४५ लिहितो, आणि एक्सेलच्या व्हीलूकअपला ती दोन वेगळी बिलं वाटतात. मग माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मी. हे काम यंत्राकडून करून घ्यायचं, एवढाच माझा हेतू होता, आणि भाची म्हणाली, "मावशी, पायथन शिकायचंच तर पाया नीट घाल, सीएस५० कर. फुकट आहे."

फुकट आहे, व्हिडिओ आहेत, घरी बसून करता येतो, कोणी विचारत नाही. शेवटचा गुण हाच त्याचा दोष आहे, हे मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. आमचा धंदाच तारखेवर चालतो. ३१ जुलै ही विवरणपत्राची तारीख असते हे वर्षभर सगळ्यांना माहीत असतं, तरी माणसं २९ आणि ३० तारखेला पिशव्या घेऊन जिन्यात उभी असतात. तीही येतात ती उशिराचे पाच हजार भरावे लागतील म्हणून, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार. हा दंड नसता तर यातले किती जण आले असते, असं मी साहेबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "मीसुद्धा आलो नसतो."

सीएस५०ला म्हणायला ३१ डिसेंबरची तारीख आहे. पण त्या तारखेपर्यंत नाही झालं तर केलेलं काम पुढच्या वर्षात धरून चालू ठेवता येतं. शिकणाऱ्याच्या सोयीसाठी ते चांगलंच आहे. पण दंड नसलेली तारीख कशी असते ते आमच्या जिन्याला विचारावं.

*

आता ऑनलाइन कोर्स मधेच सोडणाऱ्यांचे, म्हणजे गळतीचे आकडे. "शंभरातले पाचही पूर्ण करत नाहीत" असं वाक्य या विषयावर बोलताना येतंच. हिशेबाच्या माणसाला अशा टक्केवारीत पहिला प्रश्न पडतो तो असा, की भाजकात कोणाला धरलंय?

एमआयटीने २०१२ साली सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला खुला ऑनलाइन कोर्स घेतला, तेव्हाची टप्प्याटप्प्याची संख्या त्यांनीच जाहीर केली होती. नाव नोंदवलं १,५४,७६३ जणांनी. पहिला गृहपाठ उघडून पाहिला ६९,२२१ जणांनी. त्यात निदान एक गुण मिळवला २६,३४९ जणांनी. सहामाही परीक्षा पास झाले ९,३१८. प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना.

नाव नोंदवणाऱ्यांना भाजकात धरलं तर ४.६ टक्के. पहिल्या गृहपाठात एक गुण मिळवणाऱ्यांना धरलं तर २७. सहामाही पास झालेल्यांना धरलं तर ७७. कोर्स तोच, माणसं तीच. निम्म्याहून जास्त लोक तर दारातूनच परतले, आणि त्यांना शिकणारे म्हणायचं असेल तर दुकानाच्या काचेतून साडी बघून पुढे जाणारीलाही गिऱ्हाईक म्हणावं लागेल. खरी घसरण आहे ती उघडून पाहणं आणि एक गुण मिळवणं यांच्यामध्ये. बघण्यापासून हात घालण्यापर्यंत येताना दहातले सहा गेले.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या कोर्सला आठवड्याच्या आठवड्याला गृहपाठाची तारीख होती. ज्याला तारीखच नाही अशा कोर्समध्ये एक गळती आणखी होते. तिथे माणूस सोडतो असं नाही, तो थांबतो, आणि थांबलेला परत येत नाही. मी दोन्ही प्रकारांनी गळून पाहिलंय.

पहिल्यांदा, २०२१च्या मे महिन्यात, दुसरी लाट चालू असताना, मी सहा दिवसांत सहा तास पाहिले. एकेक तास म्हणजे दोन-सव्वादोन तासांचा व्हिडिओ. रात्री भांडी आवरून मालिका बघावी तशी मी कोर्स बघत होते. सगळं समजत होतं. मेमरी समजली, पॉइंटर समजला, सॉर्टिंगच्या तीन पद्धतींतला फरक मी जेवताना घरच्यांना सांगितला. मग सातव्या दिवशी म्हटलं, आता जरा गृहपाठ करू. पहिल्याच आठवड्यातला मारिओ नावाचा प्रश्न आहे. वापरणाऱ्याने सांगितलेल्या उंचीचा # चिन्हांचा जिना सी भाषेत पडद्यावर काढायचा. कोरी फाइल उघडली आणि मला पहिली ओळ लिहिता येईना. काहीतरी खरडलं आणि त्यांचा तपासनीस चालवला. `check50` म्हणतात त्याला. आज्ञा दिली की तो तुमचा प्रोग्राम त्यांच्याकडे पाठवतो, चालवून बघतो आणि एकेका मुद्द्यापुढे तोंड काढून देतो: हिरवं हसरं, लाल रडकं, आणि एक पिवळं मख्ख.

```
:) mario.c exists
:( mario.c compiles
:| rejects a height of -1
    can't check until a frown turns upside down
```

फाइल आहे, एवढ्याबद्दल एक हसू. बाकी, आधी हे रडकं तोंड हसरं होऊ दे, मग पुढचं बघू. एक अर्धविराम राहिला होता, हे आज मला दोन सेकंदांत कळतं. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला. सहा आठवड्यांचं ऐकून झालेल्या बाईला पहिल्या आठवड्याचं येत नाही हे मान्य करायला जी मान खाली घालावी लागते, ती मी घातली नाही. वरच्या आकड्यांत मी कुठे बसते? गृहपाठ उघडून पाहिलेल्या आणि एकही गुण नसलेल्या त्रेचाळीस हजारांच्या जातीत.

दुसऱ्यांदा, २०२३च्या जानेवारीत, मी शहाणी झाले होते. व्हिडिओ पाहिला की त्याचा गृहपाठ करायचाच. मारिओ झाला, मजकुराची वाचनपातळी काढणारा प्रश्न झाला. तिसऱ्या आठवड्यात मतमोजणीचे प्रश्न आहेत. तिथे शेवटी दोन पर्याय देतात, रनऑफ किंवा टाइडमन. दोन्हीपैकी एक केलं तरी चालतं, आणि टाइडमन ज्यांना सराव आहे त्यांच्यासाठी आहे, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. मी टाइडमन घेतला. का, तर सोपा घेणं मनाला पटेना. त्यात उमेदवारांच्या जोड्या एकमेकींना अडकवत जायचं आणि कुठेही वर्तुळ होऊ द्यायचं नाही, असा एक भाग आहे. तिथे मी नऊ दिवस रोज तेच रडकं तोंड बघितलं. मग मार्चअखेर आली. मार्चअखेर संपली तेव्हा मला टाइडमनच काय, मी फाइलला काय नाव दिलं होतं तेही आठवत नव्हतं.

यात कोणी तपासणारं असतं तर काय झालं असतं? शिक्षक असता तर तो एका वाक्यात म्हणाला असता, "बाई, रनऑफ करा आणि पुढे चला." तपासणाऱ्याचं खरं काम धाक दाखवणं नसून हे एवढं एक वाक्य बोलणं आहे, असं मला आता वाटतं. `check50` तुमचा प्रोग्राम चूक आहे हे सांगतो. तुम्ही चुकीचा प्रश्न घेऊन बसलाय हे तो सांगत नाही, आणि तुम्ही तीन आठवडे आलाच नाहीत हे तर त्याच्या गावीही नसतं.

*

तिसऱ्या खेपेला, २०२४च्या ऑगस्टमध्ये, मी आधी कॅलेंडर उघडलं. माझ्या महिन्यात ११, १४ आणि २० या तारखा आहेत. ११ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण, १४ला २बी, २०ला ३बी. साधारण नऊ तारखेपासून वीसपर्यंत मला घरी येऊन ताट वाढून घ्यायचंसुद्धा त्राण नसतं. त्यात ३१ जुलै, ३० सप्टेंबर, ऑडिटवाल्यांचा ऑक्टोबर आणि मार्च. या बाईने "रोज अर्धा तास" असा संकल्प करायचा म्हणजे पाडव्याला कडुलिंब खाण्यापैकी झालं. एक दिवस होतं.

संकल्पांबद्दल एक चांगला अभ्यास झालाय, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या शेकडो ऑनलाइन कोर्समधल्या लाखो लोकांवर तो केला होता. कोर्सच्या सुरुवातीला लोकांकडून लिहून घेतलं, की तुम्ही कधी, कुठे बसून अभ्यास करणार. अशा लिहिलेल्या योजनेचा उपयोग झाला, पण पहिल्या काही आठवड्यांपुरता. कोर्स पूर्ण करणाऱ्यांची संख्या काही त्यामुळे वाढली नाही. मला याचं नवल वाटत नाही. पहिल्या दिवशी लिहिलेली योजना पहिल्या दिवसाच्या माणसाने लिहिलेली असते. खंड पडल्यानंतर एकविसाव्या दिवशी जो माणूस लॅपटॉपसमोर येऊन बसतो, त्याच्यासाठी तिच्यात काही नसतं.

म्हणून मी उलटं धरलं. खंड पडणारच. दर महिन्याला अकरा-बारा दिवस पडणार, मार्चमध्ये पूर्ण महिना पडणार. तर खंड पडू नये यासाठी धडपडण्यापेक्षा, खंडानंतर परत बसणं सोपं कसं होईल तेवढंच बघायचं.

परत बसणं अवघड का होतं हे मला रिकव्हर नावाच्या प्रश्नाने शिकवलं. चौथ्या आठवड्यातला हा प्रश्न फार सुरेख आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेलेत. पुसले म्हणजे यादीतून गेले, कार्डावर त्यांचे बाइट अजून आहेत. त्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल `card.raw` या फाइलमध्ये दिलेली असते. ती ५१२ बाइटांच्या तुकड्या-तुकड्यांनी वाचायची. तुकड्याची सुरुवात `0xff 0xd8 0xff` अशी असली आणि चौथा बाइट `0xe0` ते `0xef` यांतला असला तर समजायचं, इथून नवा फोटो सुरू झाला. तसे पन्नास फोटो बाहेर काढायचे, `000.jpg` ते `049.jpg`. आमच्या कपाटात लग्नातल्या कॅमेऱ्याचं एक खराब कार्ड आहे, त्यामुळे हा प्रश्न मी जरा जीव लावूनच घेतला.

ऑक्टोबरच्या मध्याला मी प्रोग्राम बहुतेक लिहून आणला होता. चालवला की एकही फोटो न देता तो पडायचा:

```
Segmentation fault (core dumped)
```

रात्रीचे साडेअकरा झाले होते. का पडतोय याचा मला अंदाज आला होता. उद्या बघू म्हणून झोपले. उद्यापासून ऑडिटची विवरणं, मग दिवाळी, फराळ, माहेरची माणसं. परत लॅपटॉप उघडला तेव्हा मधे एकोणीस दिवस गेले होते.

समोर माझ्याच हातच्या साठ-सत्तर ओळी, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या असाव्यात अशा परक्या. साडेअकरा वाजता काय अंदाज आला होता? काही आठवेना. अशा वेळी मनात एक फार समजूतदार, फार प्रामाणिक वाटणारा विचार येतो: पाया कच्चा राहिलाय, पुन्हा पहिल्यापासून नीट करू. सगळ्या गळतीत हा विचार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो सोडण्यासारखा दिसतच नाही. उलट जास्त मेहनतीसारखा दिसतो. पण त्याचा हिशेब काय होतो ते बघा. चौथ्या आठवड्यापर्यंत यायला मला अडीच महिने लागले होते. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर पुन्हा अडीच महिने, आणि त्यात पुढचा खंड पडणारच, आणि तो साधारण इथेच, चौथ्या आठवड्याच्या आसपास पडणार. म्हणजे माणूस आयुष्यभर डिरेक्टरी फाडलेली बघत राहणार.

त्या रात्री मी डिरेक्टरीचा व्हिडिओ लावलाही होता. दोन मिनिटांनी बंद केला आणि म्हटलं, विसरले विसरले म्हणतेस, तर किती विसरलीस ते आधी मोजू. कोरी फाइल उघडली आणि मारिओ पुन्हा लिहायला घेतला. कुठेही न बघता. लागली अठरा मिनिटं. `for`च्या कंसात स्वल्पविराम की अर्धविराम, एवढं एक अडलं. बाकी जिना उभा राहिला. म्हणजे पाया होता. गेलं होतं ते एवढंच, की मी कुठे होते.

वाचलेलं पुन्हा वाचण्याची आणि न बघता आठवण्याची तुलना रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६मध्ये केली होती. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून पाहणारे पुढे. खंडानंतर व्हिडिओ पुन्हा बघण्यात हाच फसवा भाग आहे. बघताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं पाच मिनिटांपुरतं असतं. माझी अठरा मिनिटं मात्र खरी होती. तेव्हापासून खंडानंतर मी आधी एक जुना, लहान प्रश्न कोऱ्या फाइलवर करते, जास्तीत जास्त वीस मिनिटं, आणि जे अडेल तेवढ्याच जागी व्हिडिओ उघडते.

पाया आहे हे कळलं, पण रिकव्हर का पडतोय हे कोडं उरलंच. ते सोडवायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळी उत्तर मिळालं तेव्हा एकदम आठवलं, की अरे, साडेअकरा वाजता हेच तर सुचलं होतं! कार्डाचा पहिलाच तुकडा फोटोचा नाही. माझा प्रोग्राम मात्र फोटोची फाइल उघडलेली नसतानाच तो तुकडा तिच्यात लिहायला जात होता, म्हणून पडत होता. (याच्या पुढचं उत्तर मी लिहीत नाही. सोडवलेली उत्तरं उघड करू नयेत असा त्यांचा नियम आहे, आणि तो बरोबर आहे.) म्हणजे दोन संध्याकाळी मी काही शिकत नव्हते. माझ्या डोक्यात एकदा आलेली गोष्ट पुन्हा शोधत होते. ऑफिसात मी अशी फाइल कधी सोडते का? रजेवर जाताना प्रत्येक फाइलवर पेन्सिलीने लिहून ठेवते: बँकेचं स्टेटमेंट बाकी, पान चारवर फरक बाराशे, त्यांच्या मुलाला फोन करा. माझ्या जागी बसणाऱ्या बाईला कळावं म्हणून.

आता माझ्या जागी बसणारी बाई मीच. तिला काही आठवत नसतं एवढंच धरून चालायचं. तेव्हापासून उठण्याआधी फाइलच्या डोक्यावर तीन ओळी लिहिते. त्या रात्री लिहायला हव्या होत्या त्या अशा असत्या:

```c
// तुटतंय: card.raw दिल्यावर Segmentation fault
// संशय: पहिला तुकडा फोटोचा नाही, तरी लिहायला जातेय
// आल्यावर: लूपमध्ये printf टाकून कितव्या तुकड्यावर पडतं ते बघ
```

तीनही ओळींची जात वेगळी आहे आणि तिन्ही लागतात. पहिली जे पडद्यावर दिसतं ते, जसंच्या तसं. दुसरी माझा अंदाज, चूक असला तरी चालेल, चूक अंदाज तपासायलाही कोऱ्या डोक्यापेक्षा कमी वेळ लागतो. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती करता येण्याजोगी हवी. "रिकव्हर पूर्ण कर" असं लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही, कारण ते वाचून हात कुठे ठेवायचा ते कळत नाही. "अमुक ओळीखाली printf टाक" असं असलं की वाचता वाचता बोटं चालू होतात. (printf ही पडद्यावर छापायची आज्ञा, तिच्या मजकुराच्या शेवटी `\n` टाकायला विसरू नका. प्रोग्राम पडला की न छापलेला मजकूरही त्याच्याबरोबर जातो. मी अर्धा तास समजत होते की लूप सुरूच होत नाहीये.)

यातूनच दुसरी एक सवय लागली. आठवड्याचा गृहपाठ जमा झाला, सगळी तोंडं हिरवी झाली, की तिथे उठायचं नाही. मला वाटायचं, छान टप्पा झाला, इथे विसावा घ्यावा. पण माझे दोन्ही मोठे खंड बघितले तर एक अडलेल्या जागी पडला, आणि डिसेंबरमधला दुसरा, पाचव्या आठवड्यानंतरचा, सगळं नीट संपवून उठल्यावर पडला. टप्पा संपला की ओढ संपते. म्हणून जमा केल्यावर लगेच पुढचा प्रश्न उघडते, वाचते, फाइल तयार करते, रिकामं `main` लिहिते आणि तीन ओळी लिहून उठते. रात्री दुधाला विरजण लावून झोपावं तसं. सकाळी काहीतरी लागलेलं असतं.

*

मिरजेच्या माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेच्या ऑफिसात आहेत. त्यांनीही त्याच सुमारास एक्सेलचा एक ऑनलाइन कोर्स घेतला होता, म्हणून आम्ही ठरवलं, एकमेकींना विचारायचं. पहिले पंधरा दिवस रोज रात्री व्हॉट्सॲपवर "किती झालं?" आणि "चालू आहे" असं चाललं. मग माझ्या लक्षात आलं, की मी चालू नसतानाही "चालू आहे" लिहितेय. त्यांना फोन केला आणि कबूल केलं. तर त्या हसून म्हणाल्या, "अगं, मी तर मंगळवारपासून उघडलेलंच नाही."

प्रश्नच वाईट होता. "किती झालं?" याला खोटं उत्तर देणं फार सोपं, आणि खरं उत्तर देणं लाजिरवाणं. मग आम्ही बदल केला. बसू त्या दिवशीच पडद्याचा फोटो पाठवायचा, चुकलेला. बसलो नाही तर काही पाठवायचं नाही, विचारायचंही नाही. वहिनींना सी भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण लाल तोंडं मोजता येतात. "काल चार होती, आज सहा कशी झाली?" असं त्यांनी एकदा विचारलं, आणि ते समजावून सांगताना माझं मलाच उत्तर सापडलं. हे सगळं फेब्रुवारीपर्यंत छान चाललं आणि मग थांबलं, कारण वहिनींनी कोर्स सोडला.

सोडला म्हणजे काय ते सांगते. त्यांना पाहिजे होतं पिव्होट टेबल, आणि वेगवेगळ्या वर्गांच्या फीच्या याद्या पॉवर क्वेरीने एकत्र करणं. ते दोन्ही त्यांना येऊ लागलं. पुढचे भाग आलेखांचे आणि मॅक्रोचे होते. "मला कशाला?" म्हणाल्या आणि थांबल्या. त्या कोर्सच्या नोंदीत त्या गळालेल्या आहेत. शाळेत फीचा हिशेब आता दोन दिवसांऐवजी दुपारपर्यंत होतो. मी त्यांना "पूर्ण करा हो, थोडंच राहिलंय" असं म्हणणार होते, पण मग आपण भाजकाबद्दल एवढं बोलून बसलोय हे आठवलं.

माझं तसं नाही. मला अजून पुढे जायचंय. सहाव्या आठवड्यात पायथन आलं तेव्हा सीमधल्या चाळीस ओळींचं काम दहा ओळींत होताना बघून मला रागच आला होता. एसक्यूएलच्या आठवड्यातली फिफ्टीव्हिल नावाची चोरी शोधायची गोष्ट मी एका बैठकीत संपवली. शेवटचा प्रकल्प आपल्या मनाचा करायचा असतो. माझा ठरलेला आहे: बिल नंबरातली सुरुवातीची शून्यं आणि वर्ष काढून टाकायचं, जीएसटीआयएन आणि रक्कम बघायची, आणि ०४५/२४-२५ व ४५ हे एकच आहेत की नाहीत ते माणसासाठी वेगळ्या यादीत काढून ठेवायचं. सगळं यंत्रावर सोडायचं नाही. रक्कम एकच पण बिलं दोन, असं आमच्याकडे एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ते दर महिन्याला करतं.

सध्या नवव्या आठवड्यात आहे. फायनान्स नावाची वेबसाइट करायचीय, खोट्या पैशांनी शेअर घ्यायचे आणि विकायचे. काही चुकलं की पडद्यावर एका वैतागलेल्या मांजराचं चित्र येतं. मार्चमध्ये महिनाभर हात लावला नव्हता. एप्रिलच्या शेवटी परत बसले तेव्हा आधी कोऱ्या फाइलवर मारिओ लिहिला, या वेळी पायथनमध्ये, आणि मग तीन ओळी वाचल्या.

आज दहा तारीख. उद्या जीएसटीआर-१, त्यातल्या चार ग्राहकांची बिलं अजून आलेली नाहीत. शेअर विकता येतायत, पण आपल्याजवळ आहेत त्याहून जास्त विकायला गेलं तरी विकले जातायत, मांजर येतच नाही. पावणेबारा झालेत.

```python
# तुटतंय: जवळ ५ शेअर असताना ८ विकले जातात, apology येत नाही
# संशय: फॉर्ममधून आलेला आकडा अजून मजकूरच आहे, int केलेला नाही
# आल्यावर: sell() मध्ये print(type(shares)) टाक
```

एकवीस तारखेला बघू.